खिडकी विकायची नाही

पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकलं की समोरच्या टेबलावर एखादं पुस्तक दिसतं. ते तिथं का असतं? आपल्याला वाटतं, दुकानदाराला आवडलं असेल, नाहीतर धडाक्यात खपत असेल. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तक दुकानांच्या सर्वांत मोठ्या साखळीत २०११ सालापर्यंत या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा वेगळंच होतं. त्या जागेचे पैसे प्रकाशकानं मोजलेले असत. दर्शनी खिडकी, दाराजवळचं टेबल, ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ या योजनेतली जागा, प्रत्येकीला किंमत होती. प्रकाशकांकडून अशा रीतीनं साखळीला वर्षाकाठी सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मिळत. साहजिकच तीनशेच्या आसपास दुकानांत एकाच आठवड्यात तीच पुस्तकं, त्याच मांडणीत दिसत. स्कॉटलंडच्या गावात आणि लंडनच्या बाजारपेठेत वाचणारी माणसं वेगळी, पण टेबल एकच.

त्या वर्षी ही डबघाईला आलेली साखळी अलेक्झांडर मामुत या रशियन उद्योगपतीनं ५ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि जेम्स डाँट यांच्या हाती सोपवली. डाँट यांना मोठी साखळी चालवण्याचा अनुभव नव्हता. वीस वर्षं ते लंडनमध्ये स्वतःची मोजकी छोटी दुकानं चालवत होते. आल्याआल्या त्यांनी जे निर्णय घेतले, त्यांतला सर्वांत धाडसी म्हणजे प्रकाशकांचे हे पैसे घेणं बंद केलं. कंपनीच्या तिजोरीत खडखडाट असताना हमखास येणारं उत्पन्न नाकारायचं, हे अनेकांना वेडेपणाचं वाटलं.

गल्लीतल्या पुस्तकाच्या दुकानाचा ‘ब्रँड’ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर हा वेडेपणा नीट पाहावा लागतो. ब्रँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोधचिन्ह, पाटी, कागदी पिशवी येते. पुस्तकाच्या दुकानात या सगळ्या गोष्टी नंतरच्या. तिथं ब्रँड म्हणजे ग्राहकाच्या मनातली एक खात्री: इथं जे समोर ठेवलंय, ते कुणीतरी विचार करून निवडलंय आणि ती निवड विकली गेलेली नाही.

किमतीची लढाई का लढायची नाही

ऑनलाइन दुकानाशी सामना म्हटला की पहिला विचार सवलतीचा येतो. तो मार्ग का बंद आहे, हे साध्या आकडेमोडीतून दिसतं.

समजा, ठाण्यात किंवा नाशकात एका वस्तीत साडेतीनशे चौरस फुटांचं दुकान आहे. पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये. दुकानदाराला प्रकाशकाकडून किंवा वितरकाकडून ३५ टक्के कमिशन मिळतं असं धरू, म्हणजे पुस्तक त्याला २६० रुपयांना पडतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो १० टक्के सूट देतो. पुस्तक ३६० ला जातं आणि हातात १०० रुपये उरतात. दुकानाचं भाडं २५ हजार, दोन माणसांचे पगार ३० हजार, वीज, फोन, वाहतूक वगैरे १० हजार, असा महिन्याचा खर्च ६५ हजार धरला, तर तो निघायला महिन्याला ६५० पुस्तकं विकायला हवीत. सव्वीस दिवसांत रोज पंचवीस. अवघड आहे, पण अशक्य नाही.

आता तेच पुस्तक ऑनलाइन २५ टक्के सवलतीत ३०० रुपयांना मिळतंय म्हणून दुकानदारानंही तीच किंमत लावली, तर हातात उरतात ४० रुपये. तोच खर्च भागवायला महिन्याला १,६२५ पुस्तकं, म्हणजे रोज बासष्ट-त्रेसष्ट पुस्तकं विकावी लागतील. साडेतीनशे फुटांच्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं उभी राहायलाही जागा नसते. शिवाय मालकाच्या घरखर्चाचा यात अजून विचारच केलेला नाही.

काही देशांत ही लढाई कायद्यानंच रोखली आहे. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. जर्मनीतही किंमत प्रकाशक ठरवतो आणि सगळ्यांना तीच लावावी लागते. ब्रिटनमध्ये १९०० सालापासून असाच एक करार होता, तो १९९५ मध्ये मोडून पडला. त्यानंतर सुपरमार्केटं आणि ऑनलाइन दुकानं यांनी गाजणाऱ्या पुस्तकांवर वाटेल तेवढी सूट द्यायला सुरुवात केली. भारतात असं काही बंधन नाही. छापील किमतीच्या वर जाता येत नाही, खाली मात्र हवं तेवढं जाता येतं.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. प्रकाशक स्वतःच प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतो, प्रदर्शनात स्टॉल लावून थेट वाचकाला सूट देतो. म्हणजे दुकानदाराची स्पर्धा कुठल्या परदेशी कंपनीशी असण्याआधी त्याला माल पुरवणाऱ्याशीच असते. अशा वेळी ‘स्वस्त’ हीच ओळख धरून बसलेलं दुकान कायम कुणाच्या तरी मागेच राहणार.

मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचा इतिहास या बाबतीत बरंच सांगतो. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात छोटासा स्टॉल टाकला आणि पुढे तो फोर्टमध्ये गेला. दुकानाची कीर्ती दोन गोष्टींवर उभी होती. एक म्हणजे प्रत्येक पुस्तकावर सूट, जी त्या काळी कुणी देत नसे. दुसरी म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकाला काय वाचायला आवडेल हे ओळखणारी शानभागांची नजर. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ मध्ये ते गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. एखादं दुकान बंद पडायला एकच कारण नसतं. पण दोन खांबांपैकी सवलतीचा खांब ऑनलाइन विक्रेत्यांनी काढून घेतला होता आणि दुसरा, म्हणजे निवडीचा, एका माणसाच्या नजरेवर उभा होता, एवढं नक्की म्हणता येतं. सवलत कुणालाही देता येते. नजर मात्र दुकानात मागे राहावी अशी व्यवस्था करावी लागते.

निवड दिसते कशी

डाँट यांचं पहिलं दुकान लंडनच्या मॅरिलिबोन हाय स्ट्रीटवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकाच्या दुकानासाठीच बांधलेली ही इमारत, लांबलचक दालन, लाकडी सज्जे आणि वरून उजेड आत घेणारं काचेचं छत. बँकेतली नोकरी सोडून डाँट यांनी १९९० मध्ये इथं दुकान सुरू केलं. प्रवासाची पुस्तकं हा त्यांचा मुख्य विषय होता, पण मांडणी त्यांनी वेगळी केली. सगळी पुस्तकं देशवार लावली. भारताच्या कपाटात प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक, शेजारी भारतीय लेखकाची कादंबरी, त्याच्या बाजूला फाळणीचा इतिहास, खाली पाककृती आणि कविता. केरळला जायचं म्हणून नकाशा घ्यायला आलेला माणूस कादंबरी घेऊन बाहेर पडायचा.

ही मांडणी साधी दिसते, पण ऑनलाइन दुकानाशी असलेला फरक इथंच आहे. ऑनलाइन दुकान तुमच्या आधीच्या खरेदीवरून पुढचं पुस्तक सुचवतं. तुम्ही एक रहस्यकथा घेतली की आणखी दहा रहस्यकथा पुढ्यात येतात. जे ठाऊक आहे आणि नावानं शोधता येतं, ते मिळवून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. ज्या पुस्तकाचं नावही माहीत नाही ते हाती लागणं, हे मात्र मांडणीचं काम. त्यामुळे डाँटचं दुकान कुठल्या पुस्तकांचा साठा ठेवतं यापेक्षा कुठलं पुस्तक कुणाच्या शेजारी ठेवतं, यात त्याची ओळख होती. त्यांच्या कापडी पिशव्या पुढे लंडनभर लोकांच्या खांद्यावर दिसू लागल्या, कारण ‘मी त्या दुकानात जातो’ हे सांगण्यात लोकांना अभिमान वाटू लागला होता. आधी दुकानाला ओळख मिळाली, मग ती पिशवीवर चढली. अनेक दुकानं हा क्रम उलटा करतात: आधी नक्षीदार पिशवी छापतात आणि आत टेबल मात्र वितरकाच्या यादीनं भरतात.

वॉटरस्टोन्समध्ये डाँट यांनी हेच सूत्र साखळीला लावलं. कुठली पुस्तकं पुढे ठेवायची हे मुख्य कार्यालयानं ठरवायचं नाही, त्या त्या दुकानानं ठरवायचं. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ ही योजना गेली. खिडकीचे पैसे घेणं बंद झालं, कारण ते घेतले तर दुकानदाराला निवडीचं स्वातंत्र्य देणं हा नुसता देखावा ठरला असता. ज्या जागेचे पैसे कुणी दिलेत, तिथं दुसरं पुस्तक ठेवता येत नाही.

याचा परिणाम मोजता येतो, आणि मोजायचा आकडा विक्रीचा नाही, परतीचा आहे. पुस्तकांच्या धंद्यात न खपलेला माल ठरावीक मुदतीत प्रकाशकाला परत करता येतो. आपल्याकडे याला जांगड म्हणतात: विकलं तर पैसे, नाही तर माल परत. वॉटरस्टोन्समध्ये पूर्वी मागवलेल्या पुस्तकांपैकी साधारण पाचातलं एक परत जायचं. म्हणजे शंभर पुस्तकं मागवायची, ती उघडायची, लावायची, महिने सांभाळायची आणि त्यांतली वीस पुन्हा खोक्यात भरून पाठवायची. त्या वीस पुस्तकांनी नुसता हमालीचा आणि वाहतुकीचा खर्च केला नाही. जी जागा त्यांनी अडवली, तिथं दुसरं काहीतरी खपलं असतं. निवड दुकानाकडे आल्यावर परतीचं प्रमाण काही वर्षांत चार टक्क्यांच्या आसपास आलं. २०१६ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात साखळी बऱ्याच वर्षांनी नफ्यात आली. २०१९ मध्ये डाँट यांना अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल साखळीतही हेच काम देण्यात आलं.

‘आमची निवड वेगळी’ असं कुठलंही दुकान म्हणू शकतं. त्या दाव्यात किती तथ्य आहे, हे परतीच्या आकड्यावरून कळतं. परत फार जात असेल तर दुकान आपल्या गिऱ्हाइकासाठी निवडत नसून वितरक जे पाठवतो ते लावत असतं. मात्र परत अगदी शून्यावर आली तर तेही काही फार चांगलं लक्षण नाही. याचा अर्थ दुकान एकही धाडस करत नाही, फक्त हमखास खपणारंच ठेवतं. मग ते ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानासारखंच दिसायला लागतं.

नाव गावाचं, माणसं कुणाची?

वस्तीची ओळख हा ब्रँडचा दुसरा भाग. यात किती फसगत होऊ शकते, याचं उदाहरणही वॉटरस्टोन्सनंच दिलं. साउथवोल्ड, राय आणि हार्पेंडन या छोट्या गावांत त्यांनी दुकानं उघडली, पण दारावर वॉटरस्टोन्स लिहिलं नाही. ‘साउथवोल्ड बुक्स’, ‘द राय बुकशॉप’, ‘हार्पेंडन बुक्स’ अशी गावाची नावं दिली. २०१७ मध्ये यावर ब्रिटिश वर्तमानपत्रांत टीकेचा भडिमार झाला. साखळीनं स्वतंत्र दुकानाचा मुखवटा घातला, असा आक्षेप होता. डाँट यांचं म्हणणं असं की ही दुकानं गावापुरती निवड करतात आणि स्वतंत्र दुकानासारखीच वागतात.

या वादातून एक गोष्ट कळते. गावाचं नाव हे विकण्याजोगं भांडवल आहे, नाहीतर एवढ्या मोठ्या साखळीला स्वतःची पाटी झाकावीशी वाटली नसती. पण नुसत्या नावानं वाचक जवळ येत नाहीत. आपल्याला माहीत असलेली माणसं आत आहेत का आणि त्यांना आपण माहीत आहोत का, हे लोक बघतात.

इंग्लंडमधल्याच बाथ शहरात ‘मिस्टर बीज एम्पोरियम’ नावाचं दुकान आहे. वकिली सोडलेल्या एका जोडप्यानं ते २००६ मध्ये सुरू केलं. त्यांनी माहीत असण्यालाच विक्रीची वस्तू केली. गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरून वेळ ठरवतं. चहा-केक समोर ठेवून दुकानातलं एक माणूस त्याच्याशी निवांत बोलतं: अलीकडे काय आवडलं, काय अर्धवट टाकून दिलं, कशाचा कंटाळा येतो. मग ते माणूस दुकानभर फिरून पुस्तकांचा ढीग आणतं आणि एकेक पुस्तक का आणलं ते सांगतं. भरलेल्या पैशांतली बरीचशी रक्कम पुस्तकांवरच खर्च करायची असते. त्याचंच पुढचं रूप म्हणजे वर्गणी: सुरुवातीला वाचकाची आवडनिवड विचारून घ्यायची आणि दर महिन्याला एक पुस्तक निवडून घरी पाठवायचं.

इथं सवलतीचा प्रश्नच उरत नाही. पुस्तक आधी ठाऊकच नसल्यामुळे त्याची किंमत फोनवर पडताळून पाहण्याचा विचार येत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुख्यतः निवडीचे. दुकानाचा फायदा दुहेरी असतो. पैसे आधी येतात आणि महिन्याची काही विक्री आधीच ठरलेली असते. शिवाय दुकानातल्या नोकराचं वाचन हा खर्च न राहता कमाईचं साधन होतं.

अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन राफाएली यांनी स्वतंत्र पुस्तक दुकानांचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथं १९९५ ते २००० या काळात अशा दुकानांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घसरली होती. पुढे २००९ ते २०१८ मध्ये ती १,६५१ वरून २,४७० वर गेली. त्यांच्या मते यामागे तीन गोष्टी होत्या: वस्तीशी नातं, नेमकी निवड आणि लोकांना एकत्र जमवणं. यात एका योगायोगाचाही वाटा होता, तो विसरू नये. २०११ मध्ये बॉर्डर्स ही बलाढ्य साखळी बुडाली आणि अनेक शहरांत जागा मोकळी झाली. पण मोकळ्या जागेत कोण टिकलं, हे मात्र त्या तीन गोष्टींवरच ठरलं.

एकत्र जमवण्याची रीत मराठीला नवी नाही. मॅजेस्टिकच्या नावानं पार्ल्यात भरणाऱ्या गप्पांनी पुस्तकविक्रेत्याचं नाव आणि लेखक-वाचकांची भेट यांची सांगड वर्षानुवर्षं घातली आहे. मात्र छोट्या दुकानानं मोठ्या कार्यक्रमांच्या मागे लागू नये. शंभर खुर्च्या, ध्वनिक्षेपक, पुष्पगुच्छ, आणि शेवटी विकल्या सात प्रती, हा अनुभव अनेक विक्रेत्यांना परिचयाचा असतो. परदेशात यावर एक तोडगा रूढ आहे: कार्यक्रमाच्या तिकिटातच पुस्तकाची किंमत धरतात. येणारा प्रत्येक जण पुस्तक घेऊनच आत बसतो. वीस माणसं आली तरी वीस प्रती विकल्या जातात, आणि वाचायला येणारे कोण व वडा खायला येणारे कोण, हेही कळतं.

चाळीस पुस्तकांचं टेबल

आता हे सगळं आपल्या साडेतीनशे फुटांच्या दुकानात आणू. समजा, तिथं दोन हजार शीर्षकं आहेत आणि प्रत्येकाच्या सरासरी दोन प्रती. प्रतीला २६० रुपये धरले तर साधारण दहा लाख रुपये कपाटात अडकले आहेत. त्यांतला पाचवा हिस्सा वर्षभर हलला नाही, तर दोन लाखांहून अधिक रक्कम धूळ खात पडते. पहिलं काम हे ओळखण्याचं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आल्याचा महिना लिहिला तरी पुरे. जांगडवरचं असेल तर मुदतीत परत करावं. रोखीनं घेतलेलं असेल तर वर्षातून एकदा ते कमी किमतीत काढून टाकावं, पण रोजच्या टेबलावर ती सूट आणू नये.

दुसरं काम टेबलाचं. दाराजवळ चाळीस शीर्षकं मावतील असं टेबल. त्यांतल्या प्रत्येकाच्या आठवड्याला दोन प्रती गेल्या, तर महिन्याला ३२० प्रती होतात. खर्च भागायला लागणाऱ्या ६५० पैकी जवळजवळ निम्मी विक्री हे एक टेबल देतं. म्हणून तिथली प्रत्येक जागा मिळवावी लागली पाहिजे. नवी म्हणून आलेली पुस्तकं चाळिसांत दहाच्या वर नसावीत. बाकी तीस जागा जुन्या पण विसरल्या गेलेल्या पुस्तकांना, त्या गावाशी आणि परिसराशी संबंध असलेल्या पुस्तकांना आणि दुकानातल्या माणसांनी स्वतः वाचून सुचवलेल्यांना. सुचवलेल्या पुस्तकाखाली हातानं लिहिलेलं एक छोटं कार्ड: दोन-तीन ओळी आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. नियम एकच, वाचल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. पाठपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढलेलं कार्ड वाचक लगेच ओळखतो आणि मग बाकीच्या कार्डांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

टेबलाची एक वही ठेवावी. पुस्तक कधी ठेवलं, किती प्रती, आठवड्याला किती गेल्या. तीन आठवड्यांत एकही न गेलेलं पुस्तक टेबलावरून उठवायचं, मग ते मालकाचं कितीही लाडकं असो. निवडीच्या नावाखाली होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. मालकाला स्वतःचं घरचं कपाट दुकानात मांडावंसं वाटतं. वस्तीत शाळकरी मुलांच्या आया आणि निवृत्त मंडळी जास्त असतील, आणि टेबल मात्र भाषांतरित युरोपियन कादंबऱ्यांनी भरलं असेल, तर तो व्यासंग असेल, निवड नव्हे. निवड नेहमी कुणासाठी तरी असते.

आपल्याकडच्या दुकानांची एक अडचण इंग्लंडमधल्या दुकानांना फारशी नसते. भाडं बहुधा ललित पुस्तकांवर निघत नाही. शालेय पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे गाइड, वह्या-पेनं यांच्यावर निघतं. ते सोडून द्या, असं सांगणं पुस्तकी शहाणपण होईल. पण ते सगळं दाराशी रचलं की वाचक बाहेरूनच समजतो, हे आपलं दुकान नाही. गाइड घेणारा विद्यार्थी काय हवं ते ठरवून आलेला असतो, तो शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल. काही न ठरवता डोकावणाऱ्यासाठी पुढची जागा ठेवावी.

मराठी दुकानाला निवड सिद्ध करण्याची एक संधी दरवर्षी आपोआप येते, ती दिवाळी अंकांची. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही परंपरा आज शेकडो अंकांपर्यंत पोचली आहे. एवढ्या अंकांतून काय घ्यावं, हे सामान्य वाचकाला कळत नाही. बहुतेक ठिकाणी ठरलेले मोठे अंक एकत्र बांधून सवलतीत संच विकतात. त्याऐवजी दुकानानं अंक येताच खरोखर वाचून, ‘कथा आवडणाऱ्यांसाठी’, ‘दीर्घ लेख वाचणाऱ्यांसाठी’, ‘आजोबांसाठी मोठ्या टाइपातले’ असे पाच-पाच अंकांचे तीन-चार संच केले आणि प्रत्येकात काय वाचावं याचं एक पान घातलं, तर वाचकाला त्या दुकानाची निवड पहिल्यांदा घरी नेऊन तपासता येते. दिवाळीनंतर याच वाचकांना महिन्याच्या वर्गणीबद्दल विचारता येतं. बारा महिन्यांची वर्गणी घेतलेले पन्नास वाचक म्हणजे दर महिन्याला पन्नास प्रतींची पक्की विक्री. प्रकाशकाकडे प्रकाशनपूर्व सवलत मागताना दुकानदाराच्या हातात मग काहीतरी असतं: ‘माझे पन्नास वाचक ठरलेले आहेत, तुम्ही थेट विकता ती किंमत मलाही द्या.’

मर्यादा

हा मार्ग सगळीकडे सारखाच चालतो असं नाही. मॅरिलिबोन ही लंडनमधली सधन वस्ती आहे. तिथल्या वाचकाला पुस्तकाचे पूर्ण पैसे मोजणं जड जात नाही. ज्या गावात वाचक पन्नास रुपयांच्या फरकासाठी वाट पाहतो, तिथं निवडीच्या जोडीला वाचनालय, जुन्या पुस्तकांची देवघेव किंवा हप्ते यांचा आधार लागतो. अभ्यासक्रमाची महागडी पुस्तकं किंवा नाव ठाऊक असलेलं परदेशी पुस्तक यांत छोट्या दुकानानं ऑनलाइनशी झुंजूच नये. फार तर मागणी घेऊन चार दिवसांत आणून द्यावं.

दुसरी मर्यादा माणसांची. निवड करणारा नोकर वाचणारा हवा, आणि वाचणाऱ्या माणसाला कारकुनाच्या पगारात फार काळ ठेवता येत नाही. वॉटरस्टोन्समध्येही हा प्रश्न उफाळून आला होता. डाँट यांच्या फेररचनेत अनेक व्यवस्थापकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी जगण्यापुरतं तरी वेतन द्या अशी जाहीर मागणी केली, तिला शेकडो लेखकांनी पाठिंबा दिला, आणि ती तेव्हा परवडणार नाही असं उत्तर डाँट यांनी दिलं. ज्यांच्या नजरेवर सगळा ब्रँड उभा, त्यांनाच पुरेसा पगार नाही, ही या धंद्यातली अजून न सुटलेली विसंगती आहे. पुस्तकामागे उरणाऱ्या शंभर रुपयांतून काय काय भागवायचं, हा हिशेब तिथंही आणि इथंही तोच आहे.

वाचक म्हणून आपल्याला एखाद्या दुकानाची पारख करायची असेल, तर टेबलावरचं कुठलंही पुस्तक उचलून एवढंच विचारावं, ‘हे इथं का ठेवलंय?’ ‘नवीन आलंय’ किंवा ‘यावर स्कीम आहे’ हे उत्तर आलं, तर ते पुस्तक फोनवर स्वस्तात मागवायला हरकत नाही, दुकानानं त्यात स्वतःचं काही घातलेलं नाही. पण समोरचा माणूस दोन मिनिटं बोलला, आणि बोलता बोलता ‘तुम्हाला कदाचित हे नाही आवडणार, दुसरं दाखवतो’ असं म्हणाला, तर छापील किंमत पूर्ण द्यावी. त्यातले काही रुपये त्याच्या वाचनाचे आहेत, आणि ते देणारं गिऱ्हाईक नसेल तर पुढच्या वेळी उत्तर द्यायला तिथं कुणी नसेल.